दहा बाय बाराच्या खोलीची हवा

एअर प्युरिफायरच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा क्षेत्रफळाचा असतो : ‘५०० चौरस फुटांपर्यंत’. दुकानातही पहिला प्रश्न तोच येतो, खोली केवढी आहे? आपण दहा बाय बारा म्हणतो आणि समोरचा म्हणतो, मग हा तुम्हाला भरपूर झाला. १२० चौरस फुटांच्या खोलीला ५०० चौरस फुटांचं यंत्र म्हणजे चौपट झालं, असं वाटून आपणही निश्चिंत होतो. पण तासाभरात खोलीतली हवा किती वेळा गाळली जाईल असं धरून हे ५०० चौरस फूट काढले, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. एकदाच गाळली जाईल असं धरलं, तर कोणतंही यंत्र मोठ्या दिवाणखान्याला पुरतं असं दाखवता येतं.

म्हणून क्षेत्रफळाचा आकडा बाजूला ठेवायचा आणि खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत ‘सीएडीआर’ शोधायचा. क्लीन एअर डिलिव्हरी रेट, म्हणजे यंत्र दर तासाला किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं त्याचं माप. भारतात ते बहुधा घनमीटर प्रतितास असं छापतात, अमेरिकी यंत्रांवर घनफूट प्रतिमिनिट असतं. अमेरिकी आकड्याला १.७ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. हे माप रूढ केलं अमेरिकेतल्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांच्या संघटनेने, आहॅमने. त्यांच्या चाचणीत १,००८ घनफुटांच्या बंद खोलीत आधी सिगारेटचा धूर, मग बारीक धूळ, मग परागकण असे वेगवेगळे सोडतात आणि यंत्र चालू असताना ते कोणत्या वेगाने कमी होतात ते मोजतात. यंत्र नसतानाही काही कण आपोआप खाली बसतात, तेवढे वजा करतात. त्यामुळे एकाच यंत्राला धुरासाठी, धुळीसाठी आणि परागकणांसाठी असे तीन सीएडीआर मिळतात. आपल्या कामाचा आकडा धुराचा. त्या चाचणीतले कण सर्वांत बारीक असतात, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे. मोजमापांत ज्याला पीएम २.५ म्हणतात, त्यातले बहुतेक कण याच मापाचे असतात. खोक्यावर एकच सीएडीआर असेल, तर तो कणांचा आहे की वायूंचा, एवढं मात्र पाहून घ्यावं. काही यंत्रांवर फॉर्माल्डिहाइडसाठीही वेगळा आकडा असतो.

सीएडीआर म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : यंत्रातून किती हवा जाते, आणि एका फेरीत तिच्यातले किती टक्के कण अडकतात. हे लक्षात आलं की ‘९९.९७ टक्के’ या जाहिरातीचा दबदबा कमी होतो. ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर लावून तासाला १०० घनमीटर हवा ओढणारं यंत्र १०० घनमीटरच स्वच्छ हवा देईल. दर फेरीला ९० टक्केच अडवणारं, पण तासाला २०० घनमीटर ओढणारं यंत्र १८० देईल. खोलीतली हवा पुन्हापुन्हा त्याच यंत्रातून फिरत असल्यामुळे पहिल्या फेरीत सुटलेला कण पुढच्या फेरीत सापडतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत येणारी हवा एकाच फेरीत शुद्ध व्हायला हवी असते, तिथे टक्क्यांना पर्याय नाही. झोपण्याच्या खोलीत मात्र हवेचा ओघ तितकाच महत्त्वाचा.

आता एक खोली घेऊ. मुंबईच्या उपनगरातली जुनी इमारत, दुसरा मजला, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पुनर्विकासाचं काम. दिवसभर ब्रेकरची धूळ आणि राडारोड्याचे ट्रक, रात्री वॉचमनची शेकोटी, आणि कुठूनतरी जळणाऱ्या कचऱ्याचा वास. आत आजी आणि शाळेत जाणारी नात झोपतात. आजींना दमा आहे. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. हिवाळ्यातल्या एका रात्री बाहेर पीएम २.५ दर घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम आहे असं धरू. मुंबईत थंडीत रात्री वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही, तेव्हा असा आकडा दिसू शकतो. तुलनेसाठी, भारताच्या २००९ च्या मानकानुसार २४ तासांची सरासरी ६० च्या वर जाऊ नये, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला १५ चा आहे.

खिडक्या लावल्या तरी खोली बंद होत नाही. स्लायडिंग खिडकीच्या रुळातून, दाराखालून, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेरची हवा येतच राहते. जुन्या खोलीत तासाला खोलीभर हवा तरी अशी आत येते असं धरायला हरकत नाही. यंत्र जितकी हवा गाळतं आणि फटींतून जितकी घाण हवा येते, त्या दोघांच्या ओढाताणीवर आतला आकडा ठरतो. हिशोब सोपा आहे. यंत्र तासाला खोलीच्या पाचपट हवा गाळत असेल आणि एकपट हवा बाहेरून येत असेल, तर आतलं प्रदूषण बाहेरच्याच्या सहाव्या हिश्शावर येऊन थांबेल. १५० चे २५ होतील. यंत्र दोनपटच गाळत असेल, तर तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ५० वर थांबेल. काही कण फटींतच अडकतात, काही भिंतींवर बसतात, म्हणून खरा आकडा याहून थोडा खाली येतो. खरेदीसाठी एवढा अंदाज पुरतो.

पाचपट हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. आहॅमचा जुना नियम सांगतो की खोलीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्या, त्याचा दोन तृतीयांश काढा, धुराचा सीएडीआर घनफूट प्रतिमिनिटात निदान तेवढा हवा. आपल्या खोलीला ८०. पण हा नियम आठ फूट उंचीच्या अमेरिकी खोलीसाठी केलेला आहे. आपली उंची दहा फूट, म्हणून ८० चे १०० होतात. १०० घनफूट प्रतिमिनिट म्हणजे तासाला १७० घनमीटर, आणि १७० ला ३४ ने भागलं की बरोबर पाच. जंगलांना वणवे लागून धुराने शहरं भरतात अशा दिवसांसाठी तीच संघटना दोन तृतीयांशाऐवजी पुरं क्षेत्रफळ धरायला सांगते. तसं धरलं तर आपल्या खोलीला २५५ घनमीटर लागतील. दिल्ली, गुडगाव, नोएडात राहणाऱ्या आपल्या मुलांनी हाच दुसरा हिशोब धरावा, किंबहुना त्याहून पुढे जावं. नोव्हेंबरात तिथे बाहेर ४०० असतं, त्याचा सहावा हिस्सासुद्धा ६७ येतो, म्हणजे आपल्या मानकाच्याही वर. दहापट गाळलं तर तो ३६ वर येतो.

आता ते ५०० चौरस फुटांचं खोकं उलटून पाहू. समजा त्यावर सीएडीआर २५० आहे. आठ फूट उंची धरली तरी ५०० चौरस फुटांत ४,००० घनफूट हवा मावते, म्हणजे सुमारे ११३ घनमीटर. २५० ला ११३ ने भागलं तर तासाला जेमतेम सव्वादोन वेळा. त्या खोलीत बाहेरच्याचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आकडा राहील, तोही यंत्र पूर्ण वेगाने चालवलं तर.

पूर्ण वेगाने चालवलं तर, हीच सगळ्यात मोठी अट आहे आणि घरोघर हिशोब इथेच फसतो. खोक्यावरचा सीएडीआर यंत्राच्या सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि कोऱ्या फिल्टरचा असतो. त्या वेगाला बरीच यंत्रं ६० डेसिबलच्या जवळपास आवाज करतात, टीव्हीच्या आवाजाशी स्पर्धा करतील इतका. आजी पहिल्या रात्री सांगतील, बंद कर ते. मग सून त्याला रात्रीच्या मोडवर टाकेल, आणि २५० चं यंत्र तिथे ८० देईल. ८० ला ३४ ने भागलं की सव्वादोनपट, आणि बाहेर १५० असताना आत ४५. दमेकरी माणसासाठी घेतलेलं यंत्र चालू आहे, दिवा हिरवा आहे, आणि हवा गाळायला हवी त्याच्या निम्मीही गाळली जात नाही.

म्हणून माप ठरवायचं ते ज्या आवाजात झोप लागते त्या वेगाचं. आपल्या खोलीला १७० हवेत, तर ज्या यंत्राचा मधला वेग १७० देतो असं यंत्र शोधायचं. त्याचा वरचा सीएडीआर साधारण ३५० निघेल. हा दुप्पटपणा वायफळ खर्च नाही, आणि त्यामागे पंख्याचं शास्त्र आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे मोठं यंत्र अर्ध्या वेगाने जेवढी हवा देतं, तेवढीच हवा लहान यंत्राकडून ऊर फुटेस्तोवर काढून घेतली तर झोप उडते. काही उत्पादक प्रत्येक वेगाचा सीएडीआर आणि आवाज देतात, मिळाला तर तो तक्ता खरेदीआधी वाचावा. न मिळाल्यास मधल्या वेगाला वरच्याचा निम्मा आणि रात्रीच्या मोडला तिसरा हिस्सा धरून चालावं. मोठं यंत्र परवडत नसेल किंवा जागा नसेल, तर दोन लहान यंत्रंही चालतात. त्यांचे सीएडीआर सरळ बेरजेने वाढतात.

ऑटो मोडवर मी रात्र सोपवणार नाही. यंत्रातला सेन्सर यंत्राच्या अंगालाच असतो, म्हणजे खोलीतल्या सर्वांत स्वच्छ हवेत. तिथे १२ दिसलं की यंत्र मंद होतं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उशीजवळ त्याच वेळी ४० असू शकतं. मधला वेग पक्का करून ठेवावा.

फिल्टरकडे वळताना धूर आणि धूळ वेगळे करून पाहावे लागतात, कारण दोघांची वागणूक अगदी वेगळी. दहा मायक्रॉनचा मातीचा कण डोक्याच्या उंचीवरून काही मिनिटांत जमिनीवर येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तासाभराच्या आसपास लागतो. धुराचा ०.३ मायक्रॉनचा कण मात्र दिवसेंदिवस तरंगत राहतो, हवेच्या किंचित हालचालीनेही पुन्हा वर जातो. प्युरिफायर फक्त तरंगणाऱ्या कणाला ओढू शकतो. टेबलावर बोटाने रेघ उमटवणारी धूळ त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच खाली बसलेली असते. म्हणूनच ‘मशीन घेतलं तरी कपाटावर धूळ आहेच’ ही तक्रार यंत्राच्या चुकीतून येत नाही. ती धूळ ओल्या फडक्याची आहे. बांधकामाशेजारच्या घरात कोरडी केरसुणी फिरवणं म्हणजे बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर आणणं. आधी लादी ओल्या फडक्याने पुसावी. झाडायचंच असेल तर दुपारी, खिडकी उघडून, आजी दुसऱ्या खोलीत असताना.

तरीही धूळ यंत्राला त्रास देतेच. तोंडाशी जी जाळी असते, तिला प्री-फिल्टर म्हणतात. केस, कापसाचा भुगा आणि जाड धूळ ती धरते. बांधकामाजवळ ही जाळी पंधरवड्यातच करड्या लोकरीसारखी भरते. ती भरली की आत हवा कमी जाते, म्हणजे सीएडीआर घसरतो, आणि यंत्राच्या पडद्यावर त्याची काही नोंद होत नाही. व्हॅक्यूमने ओढून किंवा पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून ती परत लावावी. प्री-फिल्टर काढता आणि धुता येतो की नाही, हे धुळीच्या वस्तीत राहणाऱ्याने खरेदीच्या वेळीच उघडून पाहावं.

जाळीच्या मागे घड्या घातलेला पांढरा कागदासारखा फिल्टर असतो, तो हेपा. अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी १९४० च्या दशकात असे फिल्टर विकसित झाले. तो चाळणीसारखा काम करतो असा समज आहे, पण त्याच्या धाग्यांमधली भोकं कणांपेक्षा पुष्कळ मोठी असतात. जड कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत आणि धाग्यावर आपटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्यातरी धाग्याला चिकटतात. या दोघांच्या मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा कण पकडायला सर्वांत अवघड. म्हणून हेपाची परीक्षा त्याच मापावर घेतात. अमेरिकी मानक तिथे ९९.९७ टक्के मागतं, युरोपीय ‘एच १३’ प्रतीला सर्वांत अवघड कणावर ९९.९५ टक्के लागतात. ‘हेपा-टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ या शब्दांना असं कोणतंही ठरलेलं माप नाही. असा फिल्टर वाईटच असतो असं नाही, सीएडीआर चांगला असेल तर तो कामही करेल, पण त्या नावाला खात्री मानू नये.

एक गोष्ट धुराच्या बाबतीत विशेष जपण्यासारखी आहे. घरगुती यंत्रांतले पुष्कळसे फिल्टर काचतंतूंचे नसतात, प्लास्टिकच्या तंतूंना विद्युतभार देऊन बनवलेले असतात. तो भार कण ओढून घेतो, त्यामुळे फिल्टर विरळ ठेवूनही चांगलं काम होतं आणि पंख्याला कमी जोर लागतो. पण सिगारेट, उदबत्ती, कचऱ्याचा धूर यांतले तेलकट थेंब त्या तंतूंवर पसरले की भार झाकला जातो. फिल्टर फार मळलेला दिसत नाही, हवा सुखाने जात असते, आणि कण मात्र निसटायला लागतात. पाण्याने धुतल्यावर तर तो निकामीच होतो. काळा पडलेला फिल्टर नळाखाली धरून पुन्हा बसवणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे.

फिल्टर किती काळ टिकेल याचाही हिशोब होऊ शकतो, आणि तो ‘सहा महिने’ या छापील उत्तरापेक्षा खरा असतो. चीनच्या मानकात फिल्टरने किती धूर पचवल्यावर सीएडीआर निम्मा होतो ते मोजतात. तिथली सर्वांत वरची प्रत ‘पी ४’, ती निदान १२,००० मिलिग्रॅम पचवते. आपल्या खोलीत यंत्र तासाला १७० घनमीटर हवा गाळतं आणि त्या हवेत २५ मायक्रोग्रॅम कण आहेत, म्हणजे तासाला सव्वाचार मिलिग्रॅम. दहा तासांच्या रात्रीला सुमारे ४२. या वेगाने १२,००० व्हायला २८० रात्री लागतील. आता खिडकी उघडी ठेवून पाहा. तासाला खोलीच्या दहापट हवा आत आली, तर आपल्या पाचपटीपुढे आतला आकडा बाहेरच्याच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे १०० वर राहील. श्वासात चौपट घाण, आणि फिल्टरवरही चौपट भार, म्हणून तो ७० रात्रींत संपेल. खिडकी उघडी आणि प्युरिफायर चालू, यात दोन्हीकडून नुकसान.

घरातला धूर याहून जड असतो. काही मोजमापांत एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण निघाल्याचं दिसलं आहे. म्हणजे देवापुढची साधारण एका ग्रॅमची एक काडी आपल्या फिल्टरवर अख्ख्या रात्रीचा भार टाकते, आणि बंद ३४ घनमीटरमध्ये पसरली तर आकडा हजारावर जातो. डासांच्या कॉइलचं तर विचारूच नये. पूजा आजींची आहे, ती त्यांच्याच इच्छेने व्हावी. उदबत्ती दिवाणखान्यात उघड्या खिडकीपाशी लावायची आणि झोपण्याच्या खोलीचं दार तेवढा वेळ लोटून ठेवायचं, एवढं कोणीही आजींना विनंतीने सांगू शकेल. कॉइलऐवजी मात्र मच्छरदाणीच लावावी.

वास हे तिसरं प्रकरण. कचरा जळतो तेव्हा कणांबरोबर वायूही येतात, आणि हेपातून वायू सरळ पार होतात. पडद्यावर १० दिसतं आणि खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास येत राहतो, तो यामुळे. वासासाठी सक्रिय कोळसा लागतो आणि तो वजनावर काम करतो. पुष्कळ यंत्रांत काळ्या स्पंजसारख्या पातळ पट्टीवर कोळशाची भुकटी फवारलेली असते, सगळी मिळून काही ग्रॅम. ती थोड्याच दिवसांत भरते. वास खरोखर काढायचा असेल तर कोळशाचे दाणे भरलेला जाड फिल्टर हवा, आणि तो हातात घेतल्यावर जड लागायला हवा. पावसाळ्याच्या दमट हवेत कोळशाच्या छिद्रांत पाणी शिरतं आणि वायूंना जागा कमी उरते. आपल्या खोलीत मुख्य त्रास कणांचा आहे, म्हणून मी आधी सीएडीआरवर खर्च करीन आणि कोळसा दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. शेजारी रोज कचरा जळत असेल किंवा रंगाचं, रसायनांचं काम असेल, तर क्रम उलटा होईल. आयोनायझरचं बटण असेल तर बंद ठेवावं. अशा काही यंत्रांतून ओझोन निघतो, आणि ओझोन दम्याला वाईट.

एका वायूपुढे कोळसाही हरतो, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. चंद्रपूरकडे थंडीत दगडी कोळशाची सिगडी पेटवतात, मुंबईत बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असतो, सोसायटीत डिझेल जनरेटर असतो. त्यांतून येणाऱ्या या वायूला वास नसतो, आणि कोणताही घरगुती प्युरिफायर तो काढत नाही. खिडक्या बंद करून यंत्र चालवण्याचा सल्ला जिथे काही पेटलेलं आहे तिथे मुळीच लागू नाही. चार माणसं बंद खोलीत झोपली तर कार्बन डायऑक्साइडही साचतो, सकाळी डोकं जड होतं. त्यावर उपाय उघड्या खिडकीचाच. मुंबईत दुपारी ऊन चढल्यावर आणि समुद्रावरून वारा सुरू झाल्यावर हवा बहुधा दिवसातली सर्वांत बरी असते. तेव्हा तासभर सगळं उघडावं, आणि संध्याकाळी शेकोट्या पेटायच्या आधी लावून घ्यावं.

लावून घ्यायचं म्हणजे नुसती खिडकी ओढायची नाही. स्लायडिंग काचांच्या कडेची केसाळ पट्टी झिजली असेल तर ती बदलता येते, आणि तिचा खर्च फिल्टरच्या तुलनेत नगण्य. एसीच्या पाइपभोवतीचं भोक पुट्टीने बुजवावं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघरातली चिमणी चालू असताना घरातली हवा बाहेर जाते, आणि तेवढीच बाहेरची हवा झोपण्याच्या खोलीच्या फटींतून आत ओढली जाते. रात्री ते बंद हवेत. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याच्या जाळीने धूर अडत नाही पण तो प्युरिफायरच्या आडही येत नाही. खोलीचं दार उघडं राहिलं, तर मात्र ३४ घनमीटरचा सगळा हिशोब पुऱ्या फ्लॅटचा होतो आणि कोलमडतो. यंत्र पडद्यामागे किंवा पलंगाखाली ढकलू नये, भिंतीपासून फूटभर मोकळं ठेवावं.

हे सगळं जमलं की नाही, ते पाहायला यंत्राच्या पडद्यावर न विसंबता पीएम २.५ मोजणारा वेगळा छोटा मीटर घ्यावा, किंवा कोणाचा तरी मागून आणावा. तो उशीपाशी ठेवायचा. दुपारी खिडकी उघडून किंवा एक उदबत्ती लावून आकडा वर जाऊ द्यायचा, उदबत्ती विझवायची, सगळं बंद करायचं, यंत्र मधल्या वेगावर लावायचं आणि घड्याळ पाहायचं. तासाला पाचपट गाळलं म्हणजे बारा मिनिटांत सगळी हवा स्वच्छ झाली असं होत नाही, कारण गाळलेली हवा घाण हवेत मिसळत असते. यंत्र आणि फटी मिळून आपल्या खोलीत आकडा निम्मा व्हायला सुमारे सात मिनिटं लागायला हवीत. आठ-नऊ लागली तरी ठीक. वीस मिनिटं लागली, तर तुम्हाला तासाला दोनपटही हवा मिळत नाही.

तसं झालं तर पहिल्यांदा यंत्र उघडून फिल्टर बाहेर काढा. तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. पुष्कळ कंपन्या नवीन फिल्टर यंत्राच्या आतच, पिशवीसकट बसवून पाठवतात, आणि लोक महिनोन्‌महिने नुसता पंखा चालवत बसतात. पिशवी नसेल तर फिल्टरच्या कडेचा रबर किंवा फोम पाहा. स्वस्तातला दुसऱ्या कंपनीचा फिल्टर चौकटीत दोन मिलिमीटर सैल बसला, तर हवा सोपी वाट धरून बाजूनेच निघून जाते. मग प्री-फिल्टर पाहा.

पहिल्या दिवशीची ती मिनिटं यंत्राच्या मागे पेनाने लिहून ठेवावी. फिल्टर बदला सांगणारा दिवा बहुतेक यंत्रांत फक्त तास मोजतो, शेजारी इमारत पडतेय की नाही हे त्याला ठाऊक नसतं. दर महिन्याला तीच चाचणी त्याच वेगावर करावी. जाळी स्वच्छ असूनही सातची बारा मिनिटं झाली, तर सीएडीआर निम्म्याजवळ आला आहे आणि फिल्टर बदलायची वेळ झाली आहे.